मजुरी ४२०, मटेरियलसकट १८५० : ७२० फुटांच्या घराचा खरा खर्च कसा काढायचा?

मृण्मयी_क

नमस्कार. आईबाबांसाठी गावाकडे, कराड तालुक्यात, छोटं घर बांधतोय. बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत २४ बाय ३० फूट, म्हणजे ७२० चौरस फूट. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि एक संडास-बाथरूम. कॉलम-बीमचं बांधकाम. आत्ता फक्त तळमजला, पण पुढे वर एक मजला चढवता यावा अशी इच्छा आहे. जमीन काळी आहे.

दोन दर आलेत. गावातल्या मिस्त्रींनी नुसत्या मजुरीचे ४२० रुपये फूट सांगितले, मटेरियल आपण आणून द्यायचं. तालुक्याच्या ठेकेदाराने मटेरियलसकट १८५० सांगितले. मी १८५० मधून ४२० वजा केले, १४३० उरले. त्याला ७२० ने गुणलं तर मटेरियलचे १० लाख ३० हजार होतात. फुटाला १४३० रुपयांचं मटेरियल खरंच लागतं का? की ठेकेदार जास्त लावतोय? बाबा निवृत्त शिक्षक आहेत, ते साइटवर रोज जाऊ शकतात. मी पुण्यात असते, शनिवार-रविवारच जमेल.

बापू_मिरज

ताई, सोपा हिशेब आहे. आमच्याकडे पहिल्यापासून मजुरीच्या चौपट एकूण खर्च धरतात. ४२० ची चौपट १६८०. म्हणजे १८५० वाला फुटाला १७० रुपये जास्त मागतोय, ७२० फुटांवर सव्वा लाखाच्या आसपास. मजुरीवर द्या आणि मटेरियल स्वतः घ्या. वडील घरीच आहेत म्हटल्यावर प्रश्नच नाही. मी माझं घर असंच बांधलं.

स्नेहल_ठाणे

१८५० रुपये फूट?? इथे आमच्याकडे तर आकड्यापुढे एक शून्य जास्त लागतं! पण हा दर कार्पेटवर आहे का ते विचारा. आम्हाला बिल्डरने सुपर बिल्टअपवर दर सांगितला होता आणि हातात तीस टक्के कमी जागा आली. रेरा नंबरही बघून घ्या.

मृण्मयी_क

स्नेहलताई, हा फ्लॅट नाही, जागा आमचीच आहे. फक्त बांधायचा खर्च विचारतेय. रेराचा संबंध येणार नाही. पण कुठल्या क्षेत्रफळावर दर आहे हे मी खरंच विचारलेलं नाही. मी ७२० धरूनच चालले होते.

साइटवाला

स्नेहलताईंनी फ्लॅट समजून विचारलं, तरी प्रश्न अगदी नेमका आहे. मी बावीस वर्षं सातारा-सांगली भागात अशी घरं बांधतोय. भांडणं दरावरून कमी आणि मापावरून जास्त होतात.

तुमचं घर ७२० फूट आहे, पण स्लॅब ७२० फूट नसतो. पावसाचं पाणी भिंतीवर येऊ नये म्हणून स्लॅब भिंतीच्या बाहेर काढतात. गावातला मिस्त्री जवळपास नेहमीच स्लॅबच्या मापावर मजुरी घेतो, कारण सेंट्रिंग त्याला तेवढ्या सगळ्या मापाची लावावी लागते. नकाशात स्लॅब किती बाहेर काढलाय ते बघा. ठेकेदाराचे १८५० भिंतीच्या मापावर आहेत की स्लॅबच्या, हे त्याच्याकडून लिहून घ्या. तोवर वजाबाकी करू नका. दोन वेगळ्या मापांवरचे दर एकमेकांतून वजा केले तर येणाऱ्या आकड्याला काहीच अर्थ राहत नाही.

दुसरं, ४२० मध्ये काय काय येतं? आणि १८५० मध्ये काय येत नाही?

बापू, तुमचा चौपटीचा आडाखा मीही वापरायचो. पण तो गवंडी पायापासून फरशीपर्यंत सगळं करायचा तेव्हाचा आहे. आता ४२० वाला मिस्त्री प्लास्टर करून निघून जातो. फरशीवाला, रंगवाला, लाइटवाला, नळवाला हे चौघे वेगळे आणि चौघांची मजुरी वेगळी. चौपट करताना आपण ज्याला मजुरी म्हणतो ती अर्धीमुर्धीच असते. शिवाय घर छोटं असलं की चौपट आणखी चुकते. संडास-बाथरूम, ओटा, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी आणि मुख्य दरवाजा ७२० फुटांच्या घराला लागतात तेवढेच जवळजवळ १२०० फुटांच्या घराला लागतात. तो खर्च कमी फुटांवर वाटला जातो, म्हणून लहान घराचा फुटाचा दर मोठ्या घरापेक्षा जास्तच निघतो.

मृण्मयी_क

बाबांना फोन केला. त्यांनी नकाशा उलगडून टेपने मोजलं. स्लॅब चारही बाजूंनी दीड फूट बाहेर आहे. म्हणजे २७ बाय ३३, ८९१ फूट झाले! मिस्त्रींनी त्यांना "स्लॅब मापानं" असं सांगितलं होतं, बाबांना वाटलं तेच घराचं माप.

४२० मध्ये फुटिंग, कॉलम, बीम, स्लॅब, वीटकाम, आतून-बाहेरून प्लास्टर आहे. सेंट्रिंगच्या प्लेटा, जॅक, मिक्सर, व्हायब्रेटर त्यांचे. लोखंड बांधायची मजुरी त्यातच. खोदाई, फरशी, रंग, लाइट, प्लंबिंग नाही.

ठेकेदाराच्या कागदावर एवढंच लिहिलंय : "बांधकाम क्षेत्रफळावर १८५० प्रमाणे. मुरूम भरणी, सेप्टिक टँक, गच्चीचा कठडा-वॉटरप्रूफिंग, कंपाउंड वेगळे." कुठलं क्षेत्रफळ ते नाही.

नाना_लातूर

मजुरीवर देणार असाल तर माझा अनुभव ऐका. आम्ही २०२२ ला बांधलं. क्रशसँड ट्रॅक्टर ट्रॉलीने यायची, "एक ब्रास" म्हणून पैसे घ्यायचे. आठ-नऊ ट्रॉल्या झाल्यावर मिस्त्री म्हणाला, मालक, वाळू संपत आली. मला कळेना. हिशेबाप्रमाणे प्लास्टर अर्ध्यापर्यंत जायला हवं होतं.

पुढची ट्रॉली आली तेव्हा मी टेप घेऊन वर चढलो. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट. मधला ढीग सपाट करून घेतला आणि फाळक्याच्या कडेला टेप खाली सोडली, उंची भरली सव्वा फूट. १० गुणिले ६ गुणिले सव्वा म्हणजे ७५ घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ती पाऊण ब्रास होती! ढिगाला शिखर काढलेलं असायचं म्हणून खालून बघताना भरलेली वाटायची. त्या दिवसापासून मी ट्रॉली मोजूनच घेतली आणि पैसेही तेवढ्याचेच दिले. पण आधीच्या आठ-नऊ ट्रॉल्यांतली दोन ब्रास गेलीच.

तुमचे वडील रोज जाणार असतील तर त्यांच्या हातात टेप द्या.

वंदना_रत्नागिरी

आमच्याकडे कोकणात हिशेब वेगळाच लागतो. चिऱ्याचं बांधकाम, विटा नाहीतच. बाहेरून प्लास्टर केलं नाही तरी चालतं, चिऱ्यांमधल्या दर्जा भरल्या की झालं. पण वर पत्रे किंवा कौलं चढवावीच लागतात पावसासाठी, त्याचे लोखंडी सांगाडे महाग पडतात. त्यामुळे देशावरचा फुटाचा दर इकडे कुणी लावला की हमखास चुकतो. तुम्ही काळ्या जमिनीचं लिहिलंय, तुमच्याकडे पायाचा तसाच घोळ असेल ना?

साइटवाला

वंदनाताई, बरोबर. पायाचं शेवटी सांगतो. मृण्मयीताई, आता माप कळलं, तर हिशेब करू. मी आमच्या भागातले सध्याचे भाव धरतोय. तुमच्या दुकानदाराकडून खात्री करून घ्या, दोन-चार टक्के इकडेतिकडे होईल.

आधी मजुरीची वाट. मिस्त्रींचे ४२० गुणिले ८९१, म्हणजे ३ लाख ७४ हजार. तुम्ही ७२० वर ३ लाख २ हजार धरले होते, तिथेच ७२ हजारांचा फरक आला.

आता प्लास्टरपर्यंतचं मटेरियल. सिमेंट साधारण ३४० पोती लागतील. त्यातली निम्म्याहून जास्त काँक्रीटमध्ये जातात, उरलेली वीटकाम, प्लास्टर, फरशीखालचा माल आणि सेप्टिक टँकमध्ये. ३७० ने सव्वा लाख. लोखंड वर मजला धरून ३ टन. ६० रुपये किलोने १ लाख ८० हजार. बाहेरच्या भिंती ९ इंची, आतल्या साडेचार इंची धरल्या तर आपल्याकडच्या लहान विटा साडेतेरा हजारांच्या आसपास, ९ रुपयांनी १ लाख २२ हजार. क्रशसँड १२ ब्रास ५४ हजार, खडी ८ ब्रास २६ हजार. जोतं अडीच फूट उंच धरलं तर आत मुरूम २० ब्रास, वाहतुकीसकट २० हजार. जेसीबी, बांधायची तार, खिळे, कव्हर ब्लॉक, पाण्याचे टँकर असं किरकोळ २५ हजार. हे सगळं मिळून साधारण साडेपाच लाख. मजुरी मिळवली की प्लास्टर झालेलं उघडं घर ९ लाख २७ हजारांत उभं राहतं.

लोक इथे थांबतात. ९ लाख २७ हजारांना ७२० ने भागतात आणि "१२९० ला पडलं" असं गावभर सांगतात. राहायला जायला अजून बरंच बाकी असतं.

फरशी आणि भिंतीच्या टाइल्स लावून ७० हजार. ओटा २० हजार. दारं-खिडक्या-ग्रील मिळून एक लाख, मुख्य दार सागवानी आणि बाकीची साधी फ्लश धरून. लाइट फिटिंग ६५ हजार. प्लंबिंग, भांडी, गच्चीवरची टाकी ८५ हजार. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा ४० हजार. पुट्टी लावून आतून-बाहेरून रंग ८० हजार. गच्चीचा कठडा आणि वॉटरप्रूफिंग २५ हजार. हे ४ लाख ८५ हजार होतात, आणि ते तुमच्या आवडीवर सगळ्यात जास्त हलतात. टाइल ४५ ऐवजी ९० ची घेतली की एका दुपारी ४५ हजार वाढतात.

एकूण १४ लाख १२ हजार. ७२० ने भागा, १९६१ येतात. ८९१ ने भागा, १५८५ येतात. घर तेच, पैसे तेच. म्हणून शेजाऱ्याला "फुटाला किती पडलं" विचारलंत तर "कशानं भागलं" हेही विचारा.

मृण्मयी_क

साइटवाला दादा, हे वाचून मी अर्धा तास कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. मग ठेकेदाराचे १८५० कुठल्या मापावरचे असतील?

साइटवाला

ते आता हिशेबावरूनच ओळखता येतं. त्याने सोडलेल्या गोष्टी बघा. मुरूम २० हजार, सेप्टिक टँक ४० हजार, कठडा आणि वॉटरप्रूफिंग २५ हजार. हे ८५ हजार तुमच्या खिशातून जाणारच.

१८५० भिंतीच्या मापावर धरले तर १३ लाख ३२ हजार, त्यात ८५ हजार मिळवले की १४ लाख १७ हजार. माझ्या हिशेबापेक्षा फक्त पाच हजार जास्त! त्यात त्याची देखरेख, त्याच्या माणसाचा पगार, त्याचा नफा कुठून निघणार? मोठा ठेकेदार म्हणून लोखंड-सिमेंट त्याला थोडं स्वस्त मिळेल, पण तेवढ्यावर कुणी सात महिने काम करत नाही. एकतर तो माल मारेल, नाहीतर अर्ध्यावर "भाव वाढले" म्हणून हात वर करेल.

स्लॅबच्या मापावर धरले तर १६ लाख ४८ हजार, अधिक ८५ हजार, १७ लाख ३३ हजार. म्हणजे माझ्या आकड्यापेक्षा ३ लाख २१ हजार जास्त. हे जरा चढं आहे, पण धंदा म्हणून समजण्यासारखं आहे. माझा अंदाज, त्याच्या मनात ८९१ च आहेत.

दर फार कमी वाटला तर आनंद होण्याआधी असा उलटा हिशेब करा. सगळ्यात आधी लोखंड कमी होतं, कारण काँक्रीट ओतल्यावर ते दिसत नाही. करारात "लोखंड ड्रॉइंगप्रमाणे" एवढं पुरत नाही. स्लॅबला किती एमएमची सळई किती इंचांवर, कॉलमला किती सळया, रिंगा किती अंतरावर, हे ड्रॉइंगवरून कागदावर उतरवा, आणि काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी बाबांना टेप लावून रिंगांमधलं अंतर बघू द्या. रिंगा सहा इंचांच्या जागी नऊ इंचांवर बांधलेल्या असतील तर टेप लावताच दिसतं. शिक्षक माणसाला हे काम छान जमेल.

बापू_मिरज

चौपटीचं मान्य, फरशीवाल्याची मजुरी मी धरलीच नव्हती. पण तुमच्या हिशेबानेच मजुरीवर देण्यात सव्वातीन लाख वाचतात की! मग ठेकेदाराचा विषयच संपला.

साइटवाला

बापू, ते सव्वातीन लाख सगळे वाचत नाहीत. मटेरियल आणताना उधळमाधळ होते. नानांची वाळू बघितलीत ना. विटा उतरवताना फुटतात, सिमेंट पावसात दगड होतं, मिस्त्री "आणखी दहा पोती" म्हणतो आणि आपण आणतो, कारण पोती त्याच्या खिशातली नसतात. माझ्या पाहण्यात मटेरियलमध्ये पाच ते आठ टक्के असेच जातात. तुमच्या साडेपाच लाखांवर तीस-चाळीस हजार. शिवाय वेळ. माल नाही म्हणून चार मजूर बसले तर मिस्त्री पुढच्या वेळी दुसऱ्या साइटवर जातो.

मजुरीच्या करारातली खरी गोची हप्त्यांची असते. मिस्त्री पाया आणि स्लॅबला जास्त पैसे मागतो. स्लॅब पडेपर्यंत सत्तर टक्के घेतले की वीटकाम-प्लास्टरची मेहनत त्याला परवडेनाशी होते. तिथे माणसं जास्त लागतात आणि उरलेले पैसे कमी असतात. मग तो गायब. फोन उचलत नाही. सेंट्रिंग मात्र न चुकता काढून नेतो.

नाना_लातूर

हे माझ्याबरोबरही झालं. बाहेरचं प्लास्टर दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावं लागलं. त्याने अंगावर घेतलेलं नव्हतं, म्हणून रोजंदारीने केलं आणि दीडपट पैसे गेले.

साइटवाला

म्हणून तुमच्या ३ लाख ७४ हजारांचे भाग असे करा. जोत्यापर्यंत ७० हजार, स्लॅब ओतल्यावर १ लाख १० हजार, वीटकाम पूर्ण झाल्यावर ७५ हजार, प्लास्टर पूर्ण झाल्यावर ९० हजार, आणि उरलेले २९ हजार महिन्याने, प्लास्टरला चिरा नाहीत हे बघून. स्लॅबपर्यंत निम्म्यापेक्षा कमी पैसे गेलेले राहतात. तो कुरकुर करेल. आठवड्याची उचल मागेल. उचल द्या, पण त्या टप्प्याच्या आकड्याच्या आतली.

दीपक_लेखापाल

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही, जीएसटी. स्वतःच्या एकट्या स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामासाठी नुसता मजुरीचा करार असेल तर त्या मजुरीवर जीएसटी नाही, माफी आहे. मटेरियलवरचा तुम्ही दुकानात देताच. सिमेंटवरचा २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे जुन्या बिलांवरून सिमेंटचा अंदाज काढू नका.

मटेरियलसकट ठेका मात्र वर्क्स काँट्रॅक्ट होतो. ठेकेदार नोंदणीकृत असेल तर त्याला पूर्ण रकमेवर १८ टक्के लावावे लागतात. १६ लाख ४८ हजारांवर ते २ लाख ९७ हजार होतात. १८५० "जीएसटीसह" आहे का, हे करारात नसेल तर शेवटच्या बिलात येऊन उभं राहतं.

बापू_मिरज

हे तर अजूनच माझ्या बाजूने झालं. मजुरीवर द्या!

मृण्मयी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शनिवार होता, मी स्वतः जाऊन आले, दोघांनाही भेटले.

ठेकेदाराला विचारलं, "काका, १८५० कुठल्या मापावर?" ते लगेच म्हणाले, "स्लॅबच्या. आमच्याकडे तसंच असतं." मी दादांचा हिशेब वहीत लिहून नेला होता, तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला. लोखंड तीन टनांच्या जागी पावणेतीन पुरेल म्हणाले, रंगाचे ८० हजार कमी धरलेत म्हणाले. बाकी फारसं काही बोलले नाहीत. शेवटी मुरूम, सेप्टिक टँक, कठडा आणि वॉटरप्रूफिंग १८५० मध्येच धरायला तयार झाले. म्हणजे १६ लाख ४८ हजारांत सगळं. जीएसटीचं विचारल्यावर म्हणाले, "नोंदणी नाही माझी." दीपकजी, हे कागदावर कसं लिहून घेऊ?

म्हणजे आता फरक २ लाख ३६ हजारांचा आहे. बाबा म्हणतात, मी आहे ना, मजुरीवर देऊ. आई म्हणते, यांचा गुडघा दुखतो, हे उन्हात ट्रॉल्यांवर चढणार का? मला आईचं पटतंय, पण सव्वादोन लाख हा आमच्यासाठी लहान आकडा नाही.

दीपक_लेखापाल

"ठरलेली रक्कम सर्व करांसह अंतिम आहे, नंतर कोणताही कर वेगळा आकारला जाणार नाही" असं वाक्य टाका, आणि नोंदणी नसल्याचं त्यांच्या सहीने लिहून घ्या. पैसे चेकने किंवा बँकेतूनच द्या.

बापू_मिरज

एक मधला रस्ता सुचवू? प्लास्टरपर्यंत मजुरीवर द्या, कारण मटेरियल थोडंच आहे, सिमेंट-लोखंड-विटा-वाळू. पुढची फरशी, रंग, लाइट, प्लंबिंग कुणा एकाला मटेरियलसकट द्या. धावपळ त्यातच जास्त असते, दहा दुकानं फिरावी लागतात.

साइटवाला

बापूंचं हे चांगलं आहे. फक्त भिंतीतले पाइप प्लास्टरच्या आधी टाकावे लागतात, म्हणून लाइटवाला आणि नळवाला वीटकाम संपता संपता ठरलेले हवेत. नाहीतर नवं प्लास्टर फोडावं लागतं आणि मग मिस्त्री आणि नळवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. मी स्वतः ठेकेदार आहे, तरी वडील रोज येऊ शकत असतील तर मी गिऱ्हाईकाला हे सांगतो. गुडघ्याचं मात्र तुम्हीच ठरवा, ते मला इथून कळणार नाही.

आता पायाचं. काळ्या मातीत कॉलम टेकवायचा नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मग दारं घासायला लागतात, भिंतीला तिरक्या चिरा पडतात. फुटिंग कडक मुरमावरच हवं. मी पाया पाच फूट धरून हिशेब केलाय. बहुतेक ठेक्यांतही पाच फुटांपर्यंतच दरात असतं, पुढचा प्रत्येक फूट जादा. तुमचे कॉलम १२ असतील तर खोदाई, वाढीव कॉलम, सळई आणि मजुरी धरून दर फुटाला दहा-बारा हजार समजा. मुरूम किती खोल आहे, हे दर ठरवायच्या आधी एक खड्डा घेऊन बघा.

मृण्मयी_क

आज बाबांनी दोन माणसं लावून जागेच्या पुढच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. फोटो पाठवलाय मला. वर काळी माती, मग पिवळसर चिकट थर, आणि खाली लालसर मुरूम, पहार मारली की खणकन आवाज येतो म्हणाले. माप साडेसहा फूट.

म्हणजे दोन्ही दरांत दीड फुटाचे पंधरा-अठरा हजार वाढले. मिस्त्री म्हणतात, खोल गेलं तर कॉलमची वाढीव मजुरी द्या. ठेकेदारांना अजून सांगितलेलं नाही. मागच्या कोपऱ्यात उद्या दुसरा खड्डा घेतोय, तिकडे ओढा जवळ आहे.

साइटवाला

ओढ्याकडचा खड्डा नक्की घ्या, तिकडे मुरूम आणखी खाली असू शकतो. दोन्ही मापं घेऊनच ठेकेदाराकडे जा आणि "मुरूम लागेपर्यंतचा पाया दरातच" असं लिहून देतात का ते विचारा. खड्ड्यात पाणी साचलं तर तेही इथे लिहा, तेव्हा आकडे बदलावे लागतील.